कार्ड करप्ट झालं आणि मुलगा गप्प बसला. बरोबर की चूक?

सुहास, लश्कर
दिवाळी अंकासाठी लिहिलेली माझी कथा काहींनी वाचली आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ग्वाल्हेरात जनकगंजातला जुना वाडा. 86 वर्षांचे बुवा घरातली एक बंदिश शेवटची म्हणून कॅमेऱ्यासमोर गायला बसतात. भाड्याचा एकच कॅमेरा, डमी बॅटरी लावून घरच्या विजेवर चालवलेला. 50 मिनिटं झाल्यावर लाइट जाते. बुवा अंधारातच समेवर येऊन थांबतात. लाइट आल्यावर कॅमेऱ्यावर कसलासा संदेश दिसतो, असिस्टंट मुलगा घाईत ओके दाबतो आणि त्याच कार्डावर समईच्या ज्योतीचे शॉट घेतो. रात्री खोलीवर लॅपटॉपमध्ये बघतो तर समई आहे, गाणं नाही. गाण्याची फाइल शून्य बाइट. तो दिग्दर्शकाला सांगत नाही, एकटाच रात्रभर रिकव्हरी करत बसतो. शेकडो तुकडे निघतात, एकही उघडत नाही. सकाळी बुवा गेल्याचा फोन येतो. मला त्याचं गप्प बसणं समजण्यासारखं वाटतं. तुम्हाला?

अनघा, शिंदे की छावणी
मला तर तोच एक माणूस त्या कथेत खरा वाटला. रोजंदारीवरचा पोरगा, कॅमेरा दुसऱ्याच्या नावावर आणलेला, मोडला-बिघडला की पहिलं बोट त्याच्याकडेच. घरच्या विजेवर कॅमेरा चालवायचा निर्णय त्याचा नव्हता. बॅटरी आणली असती तर पैसे वाचले नसते, म्हणून वरच्यांनी डमी लावली. लाइट गेली तर काय, हा विचार कुणी केला? आपल्या गावात? मग रात्रभर त्याने भीतीने तोंड मिटून ठेवलं तर त्याला गुन्हा कसा म्हणायचं?
एक सुचवते, सुहास. बुवांना मारायची गरज नव्हती. त्या वयाचा माणूस दुसऱ्या दिवशी तसं गातो थोडाच.

विनायक, महाराज बाडा
अनघाताई, वीज कुणी लावली त्यात तुमचं बरोबर आहे. पण गप्प बसण्याबद्दल माझं मत अगदी उलट आहे आणि ते नीतीपोटी नाही. त्या एका रात्रीत बाकीची माणसं आपापली कामं करत असतात, म्हणून.
कथेत आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला आहे, आणि तो सेलवर चालत होता. म्हणजे लाइट गेली तरी त्याला काही झालं नाही. अंधारातली ती सम कुठे असेल तर त्या रेकॉर्डरवर. साउंडवाल्याला कार्ड बिघडल्याचं माहीतच नाही. चित्र सुखरूप आहे, त्यात कॅमेऱ्याचा आवाजही आहे, अशी त्याची समजूत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दुसरं काम असेल तर तो रेकॉर्डर फॉरमॅट करून निघेल. तो निष्काळजी नसतो, पण एकच कार्ड घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत. मुलाने रात्री फक्त एक फोन केला असता, "तुझं कार्ड पुसू नकोस", तर निम्मं गाणं वाचलं असतं. खरं तर गाणं पूर्णच वाचलं असतं, गेलं असतं ते चित्र.
दुसरं, कॅमेरा भाड्याचा. सकाळी परत जाणार. अर्धवट राहिलेली फाइल दुरुस्त करायला त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगवर घेतलेली एक धड फाइल नमुना म्हणून लागते. कॅमेरा गेला की नमुना गेला.

रोहन, इंदूर
विनायकदादा, तुम्ही चांगल्या दिग्दर्शकांबरोबर काम केलंय. मी एडिटिंग करतो, लग्नांचंही. एकदा असंच कार्ड आलं आणि मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. साहेबांनी माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या लॅपटॉपमध्ये घातलं. विंडोजने विचारलं, स्कॅन करून दुरुस्त करू का? त्यांनी हो म्हटलं. मग कार्डावर FOUND.000 नावाचा फोल्डर आणि त्यात .CHK फाइलींची रांग. त्यानंतर जे काढायचं ते दहापट अवघड झालं. तो मुलगा गप्प बसला म्हणून निदान कार्ड वरच्यांच्या हातात पडलं नाही. घाबरलेल्या माणसाला सांगणं म्हणजे कार्ड त्याच्या हवाली करणं.
बाकी तुकडे निघून उघडत नसतील तर डेटा गेला समजायचं. तिथे कथा संपते.

मंदाकाकू, वडोदरा
अरे बाळांनो, माझ्या नातवाच्या मुंजीचे फोटो कार्डावरून चुकून डिलीट झालेत. ते येतील का? वर शून्य बाइट वगैरे वाचलं, मला त्यातलं काही कळलं नाही.

विनायक, महाराज बाडा
मंदाकाकू, तुमचं प्रकरण कथेपेक्षा बरंच सोपं आहे. कार्ड कॅमेऱ्यात परत घालू नका, नवीन फोटो काढू नका. कडेची छोटी पट्टी खाली सरकवून कार्ड लॉक करा आणि एखाद्या जाणत्याकडे द्या. फोटोची प्रत्येक फाइल स्वतःत पूर्ण असते, म्हणून बहुतेक मिळतात. चालू असताना तुटलेल्या व्हिडिओचं तसं नाही.

रोहन, साहेबांची गोष्ट पटली. पण त्यावर उपाय कार्ड लपवणं नाही, कार्ड लॉक करून खिशात ठेवून तोंडाने सांगणं हा आहे. आणि "तुकडे उघडत नाहीत म्हणजे गेले" हे चूक. कॅमेरा रेकॉर्ड करतो तेव्हा चित्र कार्डावर सतत लिहिलं जात असतं, पण कुठली फ्रेम कुठे आहे आणि ती कशी उलगडायची याची यादी तो रेकॉर्ड थांबवताना शेवटी लिहितो. व्हिडिओ फाइलमधल्या त्या यादीला moov म्हणतात. लाइट गेली तेव्हा ती यादी लिहायची राहून गेली. चित्र तिथेच आहे, त्याला वाट दाखवणारं कोणी नाही. म्हणून प्लेअर उघडत नाही. काही कॅमेरे पुन्हा चालू केल्यावर आपणच अशी फाइल बंद करून देतात. त्या मुलाने न वाचता ओके दाबलं तो संदेश नेमका काय होता, हे सुहासने सांगितलंच नाही. माझ्यासाठी कथेतली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच, आणि तीच लिहिलेली नाही.

रोहन, इंदूर
मग करायचं काय ते सांगा ना. सांगायचं की नाही यावर वाद घालणं सोपं आहे.

विनायक, महाराज बाडा
पहिलं, कार्डावर थेट काहीच चालवायचं नाही. आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत काढायची आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर. लिनक्सवर मी हे करतो. कार्ड कुठल्या नावाने दिसतंय ते आधी बघायचं, इथे sdb धरलंय:

```
lsblk
ddrescue -n /dev/sdb card.img card.map
```

कार्ड खरोखर मरायला टेकलं असेल तर दर वाचनाला ते आणखी ढासळू शकतं. म्हणून एकदाच वाचून घ्यायचं. तो मुलगा रात्रभर एकामागून एक सॉफ्टवेअर थेट कार्डावर लावत बसला. मला राग आला तो त्या जागी.

आता समईचे शॉट. गाण्याची फाइल बंदच झाली नाही, म्हणजे कार्डाच्या हिशेबी ती जागा मोकळी असू शकते. तसं असेल तर पुढचा शॉट तिच्याच डोक्यावर बसतो. हिशेब करून बघा. 100 मेगाबिटने चित्रण म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. 50 मिनिटांचं गाणं साडेसदतीस जीबी. समईचे शॉट तीन मिनिटांचे धरले तर सव्वादोन जीबी. म्हणजे गाण्याची पहिली तीन मिनिटं कायमची गेली, उरलेली सत्तेचाळीस अजून खाली पडून आहेत. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर फाइलचं डोकं शोधतं आणि डोक्यावर आता समई आहे, म्हणून त्याला गाणं सापडत नाही. मधला भाग हाताने कापून, नमुना फाइलच्या आधारे फ्रेम वेचाव्या लागतात. आवाज रेकॉर्डरवरून जोडायचा. हे जाणकाराचं काम आहे आणि त्याला वेळ लागतो.

रोहन, इंदूर
थांबा दादा, इथे तुमचाच मुद्दा फिरतो. नमुना फाइल हवी म्हणता? समईचे शॉट त्याच कॅमेऱ्याचे, त्याच कार्डावर, त्याच संध्याकाळचे आहेत. नमुना मुलाच्या हातात होताच. कॅमेरा परत गेला तरी काय बिघडलं? मग रात्री सांगितलं काय आणि सकाळी सांगितलं काय.

विनायक, महाराज बाडा
सेटिंग तेच असतं तर मी मान्य केलं असतं. पण कथेत "ज्योत संथ गतीत हलत होती" असं वाक्य आहे. संथ गती म्हणजे त्याने फ्रेम रेट बदलला. मग तो नमुना जुळेलच असं नाही. आणि साउंडवाल्याच्या रेकॉर्डरबद्दल तू काहीच बोलला नाहीस.

सुहास, लश्कर
खरं सांगतो, ज्योतीचं ते वाक्य मला कानाला गोड लागलं म्हणून लिहिलं. फ्रेम रेटचा विचार डोक्यात नव्हता. पण आता ते काढणार नाही. सुंदर शॉटच्या मोहात त्याने गाण्याची सुरुवातही खाल्ली आणि किल्लीही घालवली, हे मी ठरवून लिहू शकलो नसतो.

शरदकाका, दाल बाजार
तांत्रिक गोष्टी मला समजत नाहीत, पण विनायक म्हणतो की पहिली तीन मिनिटं गेली. आपल्या ग्वाल्हेर गायकीत तिथेच सगळं असतं. स्थायी आणि अंतरा सुरुवातीला पुरते मांडायचे, मग विस्तार. पुढचा बोल-आलाप, ताना वगैरे बुवांच्या शिष्यांकडूनही ऐकायला मिळेल. बंदिशीची मांडणी कशी, शब्द कुठे ठेवला, हात कुठे उचलला, हे त्या पहिल्या भागात. रेकॉर्डरवर आवाज असेल, पण हाताचं काय? दुसऱ्या बाजूने, कॅमेरा तंबोरे जुळवतानाच सुरू झाला असेल तर गेली ती तीन मिनिटं जुळवणीची, आणि काहीच बिघडलं नाही.

रोहन, इंदूर
काका, कथेत "बुवांनी मान हलवली तसं त्याने बटण दाबलं" असं आहे. म्हणजे तंबोरे जुळून झाले होते.

शरदकाका, दाल बाजार
मान हलवली ती तंबोऱ्यावाल्याकडे बघून की कॅमेऱ्याकडे? ते सुहासनं लिहिलेलं नाही. बुवा लोक तंबोरा लागला की मान हलवतात, आणि मग पुन्हा खुंटी पिळायला लावतात.

अनघा, शिंदे की छावणी
तुम्ही सगळे फाइलच्या डोक्यात शिरलात. विनायकदादा, कार्ड लॉक करून तोंडाने सांगायचं, ठीक. सांगितल्यावर त्या मुलाला त्या दिवसाचे पैसे कुणी दिले असते? आणि त्या रेकॉर्डरवाल्याला फोन करायचा तर त्याचा नंबर होता का त्याच्याकडे? आमच्याकडे लग्नात लाइट लावायला येणाऱ्या पोरांना साउंडवाल्याचं नावसुद्धा माहीत नसतं.