नंदुरबारचा पीसीपीएम सगळ्यात कमी, म्हणून एमआर कामचुकार?

खानदेशी_एमआर
मी औषध कंपनीचा एमआर, माझं हेडक्वार्टर नंदुरबार. डायबेटिसच्या गोळ्यांचा माझा पीसीपीएम, म्हणजे माणशी महिन्याची विक्री, २.४ लाख. नाशिकवाल्याचा ३ लाख, पुण्यात कोथरूडचा पॅच बघणाऱ्याचा ६ लाख. तिन्हीकडे माणूस एकेकच. सायकल मीटिंगमध्ये माझं नाव यादीत शेवटचं आलं आणि तीन महिन्यांची नोटीस हातात पडली. धडगावचा घाट चढून दिवसाला ११ कॉल कसे करायचे? मी खरंच कमी पडतोय का?

बावीस_वर्षे_फिल्ड
कडू लागेल, पण सांगतो. मला धुळं दिलं तेव्हा सगळे म्हणाले, तिथे मार्केटच नाही. दोन वर्षांत धंदा दुप्पट केला. मार्केट आयतं मिळत नसतं, डॉक्टर तयार करावे लागतात. एरिया लहान आहे हे ऐकून घ्यायला लागलो, तर उद्या प्रत्येकाचाच एरिया लहान होईल.

आकडेवाला
दादा, धुळ्यात तुम्ही दुप्पट केलंत हे खरं, पण ते तुमच्याच आधीच्या आकड्याच्या दुप्पट. इथे तुलना पुण्याशी चालली आहे. तिन्ही ठिकाणी सगळ्या कंपन्यांची मिळून त्या गोळ्यांची महिन्याची विक्री किती, हे आधी बघायला हवं. हिशेबासाठी नंदुरबार ३० लाख, नाशिक ६० आणि कोथरूड १२० लाख धरू. म्हणजे हिस्सा नंदुरबारचा ८ टक्के, बाकी दोघांचा ५-५ टक्के.

पण इथेच थांबलो तर पुणेवाल्यावर अन्याय होतो. लहान गावात एकटा एमआर कामाच्या बहुतेक डॉक्टरांपर्यंत पोहोचतो. कोथरूडमध्ये एकाला ते जमतच नाही, शिवाय तिथे स्पर्धक कंपन्यांची माणसंही जास्त. त्यामुळे मार्केट दुप्पट झालं तरी विक्री दुप्पट होत नाही. किती वाढते, हे कंपनीच्या सगळ्या हेडक्वार्टरांचे आकडे एकत्र मांडून काढावं लागतं. समजा दीडपट वाढते आणि ३० लाखांच्या मार्केटमध्ये सरासरी माणूस २.२ लाख करतो. मग नाशिककडून ३.३ आणि कोथरूडकडून ४.९५ लाखांची अपेक्षा ठेवायला हवी.

आता बघा. नंदुरबार अपेक्षेपेक्षा साधारण ९ टक्के वर आहे, कोथरूड २१ टक्के वर आणि नाशिक ९ टक्के खाली. ज्याच्याशी आधी बोलायला हवं तो नाशिकवाला पीसीपीएमच्या यादीत मधे सुखरूप बसला आहे.

होलसेलवाला_जळगाव
तुम्ही कागदावर भांडताय. आमच्याकडून माल कुठल्या गावाला जातो ते एमआरलाही पूर्ण माहीत नसतं. नंदुरबारचे कितीतरी पेशंट सुरतेच्या डॉक्टरांकडे जातात आणि गोळ्या घरी येऊन घेतात. प्रिस्क्रिप्शन गुजरातच्या माणसाने मिळवलं, सेकंडरी, म्हणजे आमच्याकडून केमिस्टला गेलेल्या मालाची विक्री, मात्र नंदुरबारच्या खात्यात. शिवाय महिनाअखेर टार्गेटसाठी आमच्या गोदामात माल कोंबतात, तो आम्ही तीन महिन्यांनी एक्सपायरीत परत करतो. त्यावर कोणीतरी बोला.

आकडेवाला
एक्सपायरीचं दुखणं खरं आहे, म्हणून वरचा हिशेब सेकंडरीवरच हवा, कंपनीने होलसेलरला विकलेल्या मालावर, म्हणजे प्रायमरीवर नको. सुरतेचा मुद्दा मात्र माझ्या आकड्याला थेट लागतो. त्यावर आरसीपीए हाच उपाय: आठ-दहा केमिस्टकडे बसून आपल्या गोळीच्या किती चिठ्ठ्या बाहेरच्या डॉक्टरांच्या आहेत ते मोजायचं. लहान गावांचे मार्केटचे आकडेही ढोबळ असतात. ३० लाखांऐवजी खरं मार्केट ४० लाख निघालं, तर अपेक्षा २.६ लाखांवर जाते आणि हा भाऊ उलट थोडा खालीच दिसतो. म्हणून ९ टक्क्यांवरून ना शाबासकी द्यावी ना नोटीस. फरक २०-२५ टक्क्यांचा असेल आणि चार-सहा महिने टिकला, तरच मी बोलेन.

बावीस_वर्षे_फिल्ड
मग मेहनत मोजली कुठे? डायबेटिसची गोळी एकदा सुरू झाली की वर्षानुवर्षं चालते. कोथरूडच्या ६ लाखांपैकी किती धंदा आधीच्या माणसाने लावून ठेवलेला आहे? तुमच्या सूत्रात तो आत्ताच्या पोराच्या नावावर चढला.

आकडेवाला
हे मान्य, माझ्या हिशेबात ते नाही. माणूस रुजू झाला त्या महिन्याचा आकडा पाया धरून, त्यानंतर अपेक्षेशी असलेलं अंतर किती बदललं ते बघता येईल. पण डीसीआरमधल्या, म्हणजे एमआरने स्वतः भरलेल्या रोजच्या रिपोर्टमधल्या कॉलवरून मेहनत मोजू नका. घरी बसूनही ११ कॉल भरता येतात, आणि धडगावच्या दिवशी सहाच भरणारा माणूस बहुधा खरं लिहितोय.

बावीस_वर्षे_फिल्ड
डीसीआरबद्दल मी भांडणार नाही. पण नवे डॉक्टर किती जोडले ते विचारणारच. मार्केट कितीही लहान असो, तो आकडा माणसाच्या हातातला आहे.

खानदेशी_एमआर
मला १४ महिने झाले. त्याआधी आठ महिने हेडक्वार्टर रिकामं होतं. आलो तेव्हा सेकंडरी १.५ लाख होती. नवे डॉक्टर १९ जोडले, त्यातले सात शहाद्याचे. सुरतेच्या चिठ्ठ्या कधी मोजल्या नाहीत. या आठवड्यात शहादा आणि नवापूरच्या केमिस्टांकडे बसतो. त्या जास्त निघाल्या तर तेही इथे लिहीन.