मदत हवी आहे: झोपाळ्याची क्लिप सेकंदभर कमी पडतेय

दांडियाबाजारकर
बडोद्याच्या आमच्या जुन्या घरावर घरच्यांसाठी छोटी फिल्म करतोय. घर आता उतरवलंय, त्यामुळे परत शूट करणं शक्य नाही. आत्या झोपाळ्यावर बसली आहे असा एक शॉट आहे, ट्रायपॉडवर, सेकंदाला २५ फ्रेम्सचा. क्लिप ८५ फ्रेम्सची आहे. तिचं निवेदन १०० व्या फ्रेमपर्यंत जातं आणि तिथे जुन्या फोटोवर एक सेकंदाचा डिझॉल्व्ह हवाय, अर्धा कटच्या आधी आणि अर्धा नंतर, म्हणजे आणखी १२. एकूण ११२ लागतात. प्रीमियर म्हणतं, `Insufficient media. This transition will contain repeated frames.` शेवटची फ्रेम गोठवली तर झोपाळा हवेत लटकून राहतो, फार खटकतं. काय करावं?

ग्वाल्हेरचा_मिलिंद
निवेदन जरा भरभर वाचून घ्या की. एका सेकंदाचाच प्रश्न आहे.

दांडियाबाजारकर
आवाज आत्याचाच आहे, दादा. तिचे मधले थांबे मला तोडायचे नाहीत. चित्रच वाढवायचंय.

कट_टू_कट
स्पीड ७६ टक्के करा, `Time Interpolation` मध्ये `Optical Flow` निवडा आणि रेंडर मारा. काम झालं. माझ्याकडे लग्नांच्या व्हिडिओत हेच चालतं. नवरीने मान वळवली की थोडं स्लो, वर गाणं. कुणालाही कळत नाही.

दांडियाबाजारकर
करून पाहिलं. मागे खिडकीचे गज आहेत. झोपाळ्याची साखळी त्यांच्यावरून जाते तेव्हा गज वितळल्यासारखे वाकतात.

सुरसागर_एडिट
वाकणारच. मधल्या नव्या फ्रेम्स सॉफ्टवेअर अंदाजाने बनवतं, आणि बारीक साखळी गजांवरून गेली की कुठलं काय हेच त्याला कळत नाही. `Frame Sampling` वर ठेवलंत तर दर तीन-चार फ्रेम्सला एक फ्रेम दोनदा दिसेल आणि झोका अडखळेल. ५० फ्रेम्सवर शूट असतं तर स्लो करायला मीही सांगितलं असतं. इथे नको.

तुमच्या शॉटमध्ये झोपाळा आहे हे मोठं नशीब. टोकाला गेला की तो क्षणभर स्वतःच थांबतो. तिथून क्लिप उलटी चालवली तर झोका परत येतोय असंच दिसतं. टोकं कितव्या फ्रेमला येतात ते आधी मोजून सांगा.

दांडियाबाजारकर
८, ४३ आणि ७८. ८ आणि ७८ एकाच बाजूची.

सुरसागर_एडिट
मग बघा. ७८ पर्यंत क्लिप सरळ जाऊ द्या, पुढच्या ७ फ्रेम्स काढून टाका. ४४ ते ७७ हा तुकडा कॉपी करून मागे जोडा आणि `Speed/Duration` मध्ये `Reverse Speed` वर टिक करा. ७८ आणि ३४ मिळून बरोबर ११२ होतात. ७८ वी फ्रेम उलट्या तुकड्यात घेऊ नका, दोनदा आली की टोकाला बारीकसा अडखळा जाणवतो. आवाज आधी अनलिंक करा, साखळीची कुरकुर सरळच राहू दे.

मग उलटा तुकडा नुसता बघत बसा, आत्याकडे नाही तर तिच्या आजूबाजूला. डोळ्यांची उघडझाप, हलता पदर उलटे असले तरी खपून जातात. पडणारी वस्तू, चालणारा माणूस, धूर मात्र लगेच पकडले जातात.

दांडियाबाजारकर
जोड अजिबात दिसत नाही, अगदी खरंच झोका परत आल्यासारखं वाटतं! पण मागे देवघर आहे आणि उदबत्तीचा धूर खाली उतरतोय.

कट_टू_कट
मग उलटं कशाला? ९ ते ४२ सरळच परत लावा. झोपाळा त्याच टोकावरून त्याच बाजूला निघतो, धूरही वर जाईल.

सुरसागर_एडिट
विचार चांगला आहे, पण ८ व्या फ्रेमला आत्याची मान आणि हात ७८ सारखे नसणार, जोडावर चेहरा उडी मारेल. उलट्या तुकड्यात ती अडचण नाही, कारण ७८ आणि ७७ शेजारच्याच फ्रेम्स आहेत.

मात्र धुरासाठी हाच तुकडा वापरा. ९ ते ४२ सरळ वरच्या ट्रॅकवर ठेवा, मास्क फक्त देवघरापुरता, कडा चांगल्या मऊ करा. सुरुवातीला ६ फ्रेम्समध्ये हळूहळू दिसू द्या. साखळी दोन्हीकडे साधारण एकाच जागी असेल.

दांडियाबाजारकर
धूर सुटला. पण साखळी मास्कमधून जाते तिथे तीन-चार फ्रेम्स ती किंचित सरकलेली दिसते.

सुरसागर_एडिट
झोका प्रत्येक फेरीत थोडा लहान होतो, त्याचा हा फरक आहे. तेवढ्या फ्रेम्सपुरता मास्क साखळीपासून आत ओढा.

दांडियाबाजारकर
आत ओढला तर धुराचा खालचा भाग मास्कबाहेर जातो आणि तिथे परत उलटा दिसतो. डिझॉल्व्ह आधी सुरू केला तर सगळं झाकलं जाईल, पण मग आत्याचं शेवटचं वाक्य फोटोवर पडतं. दोन्ही प्रती बनवून आत्यालाच दाखवतो.

ग्वाल्हेरचा_मिलिंद
ज्यात त्यांचा चेहरा जास्त वेळ दिसेल ती ठेवा.