शिफ्ट सुटायच्या आत किती तिकिटं होतील, हे कसं धरता?

मंडळी, मदत हवी आहे. मी ईमेल सपोर्टला आहे. काल शिफ्टचे तीन तास उरले असताना 22 तिकिटं बाकी होती. त्यातली 14 पत्ताबदलाची, प्रत्येकी 6 मिनिटं, म्हणजे 84. ती ठरल्या वेळात होतातच. गाडी अडते रिफंडवर. मागच्या पाच रिफंडना 9, 10, 10, 11 आणि 35 मिनिटं लागली होती. मी आठांसाठी प्रत्येकी 10 धरली, एकूण 164 आली, आणि 'आज सगळं होईल' असं टीम लीडला सांगून बसले. सरासरी 15 धरली असती तर 204 झाली असती. शेवटी तीन रिफंड राहिले, ग्राहक ताटकळले. फार वाईट वाटलं.

त्या 35 मिनिटांत बँकेच्या उत्तराची वाट पाहणंही आलं. तो वेळ तुम्ही वेगळा मोजता का? आणि अडकणारं तिकीट उघडताच कशावरून ओळखता?