मदत हवी: दोन वर्षांच्या मुलाने आबाजींची शुगरची गोळी चावली, शुगर नॉर्मल दाखवतेय, तरी ॲडमिट करावं लागेल का?

मीरा_मानेवाडा (रात्री ८:१०)

अर्जंट आहे, कोणी डॉक्टर असतील तर प्लीज लवकर सांगा. माझा मुलगा दोन वर्षांचा, वजन ११ किलो. साडेसातच्या आसपास सासऱ्यांच्या पलंगावर खेळत होता, मी पोळ्या करून राहिली होती, जाऊन पाहते तर हातात स्ट्रिप आणि ओठाला पांढरं पांढरं लागलेलं. गादीवर गोळीचा एक छोटा तुकडा सापडला, बाकीची पोटात गेली की थुंकली माहीत नाही. आबाजी म्हणतात सकाळी सहा गोळ्या होत्या, आता पाच आहेत. शुगरची गोळी आहे एवढंच त्यांना माहीत. घरच्या मशीनवर पोराची शुगर ९४ आली, तो मस्त खेळतोय, पळतोय. कॉलनीतल्या क्लिनिकमध्ये नेलं तर ते म्हणाले शुगर नॉर्मल आहे, घरी न्या, लक्ष ठेवा. शेजारच्या काकू म्हणतात मिठाचं पाणी पाजून उलटी करव. काय करू?

कामठी_रोडवाला (८:१४)

ताई घाबरू नका. शुगरची गोळी म्हणजे मेटफॉर्मिन असेल, माझे बाबा बारा वर्षांपासून घेतात. मेटफॉर्मिनने शुगर एकदम खाली जात नाही, एका गोळीने पोट बिघडेल फार तर. साखरपाणी द्या थोडं आणि झोपवा.

बालरोग_धंतोली (८:१७)

झोपवू नका. मिठाचं पाणी अजिबात नाही, बोट घालून उलटी पण नाही. मिठाच्या पाण्याने लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम वाढून वेगळीच आफत येते, आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर अजून एक.

आधी स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा. शुगरच्या गोळ्या बऱ्याचदा मिक्स असतात. मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यातलं काही लिहिलंय का? आणि किती मिलिग्रॅम?

मीरा_मानेवाडा (८:२१)

ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ आणि मेटफॉर्मिन ५०० लिहिलंय. समोर कंपनीचं नाव मोठ्ठं आहे, हे मागे फॉइलवर चकाकतंय, मोबाइलचा टॉर्च लावून वाचलं.

बालरोग_धंतोली (८:२५)

निघा. आता. कामठी_रोडवाला यांचं मेटफॉर्मिनबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण या गोळीत खरा प्रश्न ग्लिमेपिराइडचा आहे. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, रक्तात साखर आधीच कमी आहे की जास्त हे न पाहता. आबाजींच्या शरीराला त्या इन्सुलिनची गरज आहे. ११ किलोच्या पोराला नाही, आणि त्याच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठाही थोडाच असतो.

आत्ताच्या ९४ वर बिलकुल विश्वास ठेवू नका. शुगर पडायला कधी दोन तास लागतात, कधी आठ, काही मुलांमध्ये त्याहूनही जास्त. नेमकी पहाटे पडते कारण पोर झोपलेलं असतं, पोट रिकामं असतं, आणि झोपलेल्या मुलाला घाम फुटला, हातपाय थरथरले तरी आईला वाटतं गरम होत असेल. डायरेक्ट झटका आल्यावरच कळतं मग. म्हणून घरी लक्ष ठेवणं हा ऑप्शनच नाही.

निघताना तोंडात बोट फिरवून उरलेला चुरा पुसून घ्या. जागा आहे आणि नीट गिळतोय तोवर नेहमीचं जेवण, दूध-बिस्किट, जे खातो ते खाऊ द्या, जबरदस्ती नको. सुस्त पडला किंवा झटका आला तर कुशीवर वळवा आणि तोंडात काहीच घालू नका. स्ट्रिप, गादीवरचा तुकडा आणि ग्लुकोमीटर सोबत घ्या. गोळी साडेसातला खाल्ली असं धरा आणि पूर्ण एक गोळी पोटात गेली असं धरा, अर्धी थुंकली असेल या आशेवर राहू नका.

जिथे मुलांचं आयसीयू आहे तिथेच जा, जाताना फोन करून विचारा इन्सुलिन सुटणं थांबवणारं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन मिळेल का. मानेवाड्याहून मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल जवळ आहे, चोवीस तास चालू असतं. गाडी नसेल तर १०८. आणि घरातल्या दुसऱ्या कोणीतरी दिल्ली एम्सच्या पॉइझन सेंटरला १८०० ११६ ११७ वर लावा, टोल फ्री आहे, रात्रीही उचलतात, तुमच्या डॉक्टरांशीही बोलतात.

आजी_सक्करदरा (८:४०)

माझ्या नातवानं मागच्या वर्षी क्रोसिनचं सिरप अर्धी बाटली प्यायलं होतं, काही झालं नाही बापा. देवाची कृपा.

गिट्टीखदान_फार्मसी (८:५२)

आजी, सिरप वेगळं आणि हे वेगळं. आणि पॅरासिटामॉलचं पण अर्धी बाटली म्हणजे दाखवायचीच होती, लिव्हरवरचा परिणाम दोन दिवसांनी दिसतो.

मी केमिस्ट आहे, काउंटरवर रोज पाहून राहिलो म्हणून सांगतो. लोकं झोपेच्या गोळीला घाबरतात आणि बीपीची गोळी टीव्हीच्या बाजूला ठेवतात. एका गोळीत लहान पोराला आयसीयूत पोचवणारं औषध बहुतेक घरी असतंच. ॲम्लोडिपिन घ्या, घरोघरी आहे, ५ मिलिग्रॅमची एवढीशी गोळी. त्यानं पोराचं बीपी पडतं आणि तेही उशिरा, कधी सहा-आठ तासांनी, म्हणून तिथेही "आत्ता तर ठीक आहे" चालत नाही. क्लोनिडिन किडनीच्या पेशंटच्या घरी असतं, त्यानं पोर तास-दीड तासातच पेंगुळतं, नाडी मंद, बाहुल्या बारीक. मायग्रेन नाहीतर नसांच्या दुखण्याची ॲमिट्रिप्टिलिन, त्यात झटके आणि हृदयाचे ठोके बिघडतात, ते फार लवकर होतं. ट्रॅमाडॉलवाली पेनकिलर श्वास मंद करते.

आणि एक जे औषधाच्या डब्यात नसतं, देव्हाऱ्यात असतं. कापूर. पांढरी वडी खडीसाखरेसारखी दिसते, पोरं तोंडात टाकतात. त्यात पंधरा-वीस मिनिटांतही झटका येऊ शकतो, म्हणून तिथे तर उलटी करवणं आणखीच वाईट.

कामठी_रोडवाला (९:०५)

हे मला खरंच माहीत नव्हतं. पण एक शंका, साखरपाणी रात्रभर दर तासाला दिलं असतं तर? घरी मशीन पण आहे ताईंकडे.

बालरोग_धंतोली (९:१८)

नाही चालत. झोपलेल्या मुलाला दर तासाला पाजाल तर ठसका लागेल. शिवाय हे औषध पोटात असताना साखर वाढली की स्वादुपिंड अजून इन्सुलिन सोडतं, मग ती साखर परत खाली येते, कधी आधीपेक्षा जास्त. म्हणून हॉस्पिटलमध्येही शुगर पडायच्या आधीच ग्लुकोजची सलाईन लावत नाहीत शक्यतो, त्याने पडण्याची वेळ फक्त पुढे ढकलली जाते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

पुण्याहून_पूर्वा (९:३०)

मी पिडियाट्रिक आयसीयूत नर्स आहे. आमच्याकडे काही सर निघण्याआधी खायलाही देऊ नका म्हणतात, म्हणजे खरा आकडा दिसतो. मला ते पटत नाही, पण मत वेगळं आहे हे सांगते.

बालरोग_धंतोली (९:३६)

जाग्या मुलाला उपाशी ठेवून आकडा बघायचा हे मलाही पटत नाही. पण हो, यावर सगळ्यांचं एकमत नाही.

मीरा_मानेवाडा (दुसऱ्या दिवशी, दुपारी ३:२०)

सगळ्यांना उत्तर द्यायला आत्ता वेळ मिळाला. ८:५० ला पोचलो. कोळशाचं औषध द्यायचं का यावर त्यांच्यात बोलणं झालं, पण गोळी खाऊन तासाच्या वर झालं होतं आणि तो तोंड घट्ट मिटून बसला, म्हणून नाही दिलं. टाचेतून दर तासाला शुगर. ९:३० ला ८८, साडेअकराला ८१, मिस्टर म्हणायला लागले चला घरी, उगाच राहून राहिलो. मी तुमचा मेसेज दाखवला.

रात्री २:१० ला ५२. तो नुसता झोपलेला दिसत होता हो, फक्त मानेखालची उशी ओली होती. लगेच शिरेतून ग्लुकोज, १०४ झाली, मला वाटलं संपलं. साडेतीनला परत ५६. मग पुन्हा ग्लुकोज आणि मांडीत ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन, ते इन्सुलिन सुटणंच थांबवतं म्हणे, त्यानंतर ७८ च्या खाली गेली नाही. सकाळी दुसरा डोस झाला. आता केळं खाऊन सिस्टरचा पेन पळवतोय.

आता दोन गोष्टी. घरी कधी सोडतील हे कोणी नीट सांगत नाही. आणि रात्री पोलीस येऊन माझा जबाब घेऊन गेले, एमएलसी केली म्हणे, सासूबाई तेव्हापासून रडतायत की आबाजींवर केस होईल.

बालरोग_धंतोली (४:०५)

५२ रात्री दोनला, म्हणजे घरी असता तर कोणालाच कळलं नसतं.

एमएलसी प्रत्येक विषबाधेत करतात, नोंद असते ती, सासूबाईंना सांगा त्यात कोणावर आरोप नसतो. डिस्चार्जचं म्हणाल तर इंजेक्शनचा असर उतरल्यावर शुगर परत पडू शकते, म्हणून शेवटच्या डोसनंतर ग्लुकोजशिवाय, नेहमीचं खाऊन, एक झोप काढून शुगर टिकते का ते बघतात. काही युनिट बारा तास बघतात, काही पूर्ण दिवस. आज रात्री तरी राहावं लागेल असं धरून चला, घाई करू नका.

गिट्टीखदान_फार्मसी (४:३०)

ताई घरी गेल्यावर एक करा. लोकं पाच-सहा गोळ्या कापून मागतात, कापलेल्या तुकड्यावर कधी नुसतंच अर्धं नाव राहतं, आत काय आहे ते उरलेल्या भागावर. तुमच्याकडे नशिबानं मागचं अक्षर शाबूत होतं. सोमवार-मंगळवार लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत भरतात त्यात तर काहीच कळत नाही, आणि ती डबी पोरांना उघडता येते. आबाजींच्या सगळ्या अख्ख्या स्ट्रिपचे मागून फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, आणि गोळ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात कडी लावून. गादी, पलंग आणि सोफ्याची फट आज झाडूनच घ्या, खाली पडलेली गोळी पण तेवढीच काम करते.

आजी_सक्करदरा (५:१०)

बाळ ठीक आहे हे वाचून बरं वाटलं. माझ्या यांच्या गोळीवर ग्लायबेन असं काहीतरी आहे, पुढचं कापलं गेलं. ते पण यातलंच का?

गिट्टीखदान_फार्मसी (५:१२)

आजी, असू शकतं. नुसत्या अर्ध्या नावावरून मी पक्कं सांगणार नाही. चिठ्ठी शोधा, नाहीतर जिथून घेतली तिथे तो तुकडा घेऊन जा. तोपर्यंत नातवाच्या हातापासून लांब ठेवा.