मदत हवी आहे: गळतीच्या तडजोडीत ‘काम झालं’ हे कसं ठरवायचं?

वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून आमच्या छतात पाणी उतरतं. ठाण्याच्या न्यायालयातल्या दाव्यात मध्यस्थीतून तडजोड झाली: वरचे काका वॉटरप्रूफिंग करून देणार, आम्ही नुकसानभरपाई सोडणार. तडजोडीच्या लेखी अटी, म्हणजे कन्सेंट टर्म्स, दाखल करून त्यावर न्यायालयाचा हुकूमनामा घ्यायचाय.

मसुद्यात आधी ‘समाधानकारक दुरुस्ती लवकरात लवकर’ असं होतं. ते मी काढायला लावलं, कारण पुढे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावली तर समाधान कुणाचं, यावरच भांडण होईल. आता असं आहे: 31 मेपर्यंत काम, मग त्यांच्या बाथरूममधला ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जायचं तोंड, बंद करून तिथे 48 तास पाणी भरून ठेवायचं आणि दोघांना मान्य असलेल्या इंजिनिअरने आमचं छत पाहून लेखी दाखला द्यायचा. ओल दिसली तर 15 दिवसांत पुन्हा काम. आम्ही घर उघडून दिलं नाही, तर त्यांची मुदत तेवढी वाढेल. हे त्यांच्या बाजूनेही रास्त वाटतं.

दुसरी चाचणीही फसली, तर काम आम्ही करून घ्यायचं आणि खर्च त्यांच्याकडून घ्यायचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 32 मध्ये असा मार्ग आहे, पण त्यासाठी आधी न्यायालयाचा आदेश लागतो. त्याऐवजी कमाल 1,20,000 रुपये आणि इंजिनिअरचा दाखला अंतिम, असं कलमातच लिहिलं, तर दरखास्तीत थेट वसुली होते का, की नवा दावा लावावा लागतो?