‘टाइम लॅग’ आणि ‘पाथ लेंग्थ’: विलंब, अवधी, खेपा की हेलपाटे?

मृण्मयी
येवल्याच्या एका पैठणीवाल्या कुटुंबासाठी त्यांच्या वेबसाइटचा महिन्याचा अहवाल मराठीत करून देते. दुकान सासू आणि सून मिळून चालवतात, आणि अहवाल सासूबाई वाचतात. दोन आकड्यांपाशी अडले आहे. एक ‘टाइम लॅग’, म्हणजे गिऱ्हाईक पहिल्यांदा साइटवर आल्यापासून ऑर्डर देईपर्यंत किती दिवस झाले. दुसरा ‘पाथ लेंग्थ’, म्हणजे तेवढ्या काळात ते किती वेळा येऊन गेलं. मी ‘कालविलंब’ आणि ‘मार्गाची लांबी’ असं लिहून दिलं. सासूबाईंचा फोन आला, “विलंब कुणी केला, कुरियरवाल्यानं? आणि लांबी कसली, येवला ते पुणे?” काय लिहू?

कोशकिडा
सासूबाई बरोबर आहेत. विलंब म्हटलं की कुणाची तरी चूक आली. ‘दिरंगाई’ त्याहून वाईट. ‘अवधी’ घ्या, त्यात दोष नाही. (‘दिरंगाई’ हा ‘दीर्घ’चाच अपभ्रंश.)

घाटावरचा
दिरंगाई फारसीतून आलीय हो, ‘दिरंग’ म्हणजे उशीर. दीर्घाला मध्ये ओढू नका.

शरद_काका
माझ्या माहितीप्रमाणे कुरियरला ग्रामीण भागात चार ते सहा दिवस लागतातच. त्यात लपवण्यासारखं काय आहे? सरळ ‘पोचण्याचे दिवस’ लिहा.

मृण्मयी
काका, पार्सलचे नाहीत, मन ठरायला गेलेले दिवस.

दादरची_निमा
‘गेलेले दिवस’ तेवढं लिहू नकोस. सुनेचं नाव अहवालात असेल तर सासूबाई पेढे वाटतील.

हिशेबनीस
हेच काम रोज करतो म्हणून लिहितो. आकडे बघितल्याशिवाय शब्द ठरणार नाही. जुन्या गूगल अॅनालिटिक्समध्ये Time Lag आणि Path Length असे दोन स्वतंत्र तक्ते होते. 1 जुलै 2023 ला ते जुनं रूप बंद पडलं. आता एकाच तक्त्यात `Days to key event` आणि `Touchpoints to key event` असे दोन रकाने दिसतात. ताई, गेल्या महिन्याच्या ऑर्डरी एकेक करून मांडता येतील का? सरासरी नको.

मृण्मयी
दहाच ऑर्डरी आहेत, दुकानाच्या नोंदीवरून काढल्या. दिवस: 0, 0, 0, 0, 1, 2, 3, 9, 18, 27. त्याच क्रमाने भेटी: 1, 1, 1, 1, 2, 2, 4, 5, 6, 7. सरासरी 6 दिवस आणि 3 भेटी. सासूबाईंनी हे वाचून सुनेला सांगितलंय की सहा दिवसांत जो घेत नाही त्याला पुन्हा जाहिरात दाखवायची नाही, पैसे वाया जातात.

हिशेबनीस
बघा, सहाव्या दिवशी घेणारं त्यात एकही गिऱ्हाईक नाही! चौघांनी आल्या दिवशीच घेतली, तिघांनी तीन दिवसांच्या आत, आणि तिघं बराच काळ घुटमळली. मधला आकडा दीड दिवस येतो. सरासरी सहावर गेली ती शेवटच्या तिघांमुळे. सहा दिवसांवर कात्री लावली तर नेमकी हीच तिघं जाहिरातीबाहेर पडतात. त्यांच्या साड्या कोणत्या होत्या?

मृण्मयी
18 आणि 27 वाल्या लग्नाच्या, महागातल्या. शून्यवाल्यांतल्या तीन तर दुपट्टे होते.

हिशेबनीस
मग दुपट्टा आणि लग्नाची पैठणी एका रकान्यात घालूच नका. आता दुसरी गोष्ट. `Attribution settings` मध्ये मागे किती दिवसांपर्यंत बघायचं ते ठरवलेलं असतं. खरेदीसारख्या घटनेला ते आपोआप 90 असतं, 30 किंवा 60 करता येतं. तुमच्याकडे किती?

मृण्मयी
30. कुणीतरी आधीच करून ठेवलंय.

हिशेबनीस
म्हणजे दिवाळीत साडी बघून माघात घेणाऱ्या बाईची दिवाळीतली भेट मोजलीच जात नाही. तिचा पहिला दिवस 30 दिवसांच्या आतला जो सापडेल तो. तुमचा तो 27 खरा 70 असू शकतो.

शून्यवालेही तपासा. बाई मोबाइलवर आठवडाभर बघते आणि नवऱ्याच्या लॅपटॉपवरून पैसे भरते. लॉगिन नसेल तर यंत्राला ती दोन माणसं वाटतात, आणि दुसरा ‘माणूस’ आल्या पावली साडी घेऊन गेलेला दिसतो. आयफोनच्या सफारीत बाईची ओळख ठेवणाऱ्या कुकीला बहुधा सात दिवसांचंच आयुष्य असतं, मग तीच बाई दहाव्या दिवशी नवी कोरी होऊन येते. शून्य दिवस, एक भेट आणि आलेला रस्ता थेट, अशा महागड्या ऑर्डरी जास्त दिसल्या की मी संशय घेतो. महागडी पैठणी कुणी पहिल्या नजरेत घेत नाही.

घाटावरचा
माझ्या आईनं घेतली होती. पहिल्या नजरेत. बाबांना पुढे सहा महिने हप्ते.

विमेकरी_सातारा
मी तेवीस वर्षं विमा विकतोय. पॉलिसी सातव्या हेलपाट्याला निघते, आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे ‘पाथ लेंग्थ’ला हेलपाटे हाच शब्द. सासूबाईंना फोड करून सांगावं लागणार नाही.

कोशकिडा
हेलपाटा फुकट जातो साहेब. तहसीलीत हेलपाटे घालतो आपण. इथे तर शेवटच्या खेपेला साडी गेली. ‘खेपा’ म्हणा.

विमेकरी_सातारा
पहिले सहा फुकटच जातात की! आणि खेप हमाल घालतो, ओझं असतं तिच्यात.

दादरची_निमा
एक मिनिट. हेलपाटे विमेकरी घालतो, गिऱ्हाईक नाही. मृण्मयीच्या तक्त्यात चालणारा कोण आहे?

हिशेबनीस
दोघंही, म्हणून तर घोळ आहे. कधी बाई स्वतः नाव टाइप करून येते, कधी जाहिरातीवर बोट लागून. दोन्ही एकेक भेटच. आणि विमेकरीसाहेब, सहा हेलपाट्यांनंतरही न घेणारे तुमच्या हिशेबात येतात का?

विमेकरी_सातारा
ते कशाला धरायचे? त्यांनी घेतली कुठे?

हिशेबनीस
तेच तर. या रकान्यांतही फक्त घेणारे असतात. सात भेटी देऊन निघून गेलेल्या बायका त्यात नाहीत. म्हणून ताई, ‘किती दिवस लागतात’ असं लिहू नका. ‘लागले’ लिहा. लागतात म्हटलं की पुढच्या गिऱ्हाइकाबद्दल वचन दिल्यासारखं होतं, आणि दुकानदार सात जाहिराती मारून साडीची वाट बघत बसतो. सातव्या भेटीनं साडी विकली, की जिला घ्यायचीच होती ती सात वेळा आली, हे इथून कळत नाही.

कोशकिडा
हे पटलं. तरी ‘लागले’ क्रियापद झालं, मथळ्याला नाम हवं. परिभाषेला काही शिस्त असते. ‘निर्णयावधी’ आणि ‘भेटसंख्या’.

घाटावरचा
हे वाचायला सासूबाईंना निर्णयावधी लागेल.

मृण्मयी
सध्या ‘किती दिवसांनी घेतली’ आणि ‘कितव्या भेटीत घेतली’ असं केलंय, लग्नाच्या साड्या वेगळ्या काढल्या, आणि मागे बघायचे दिवस 90 केले. पहिल्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्यावर विचारलं, “भेट? आपण कुणाला फुकट दिली का साडी?”

विमेकरी_सातारा
म्हणून सांगतोय, हेलपाटे.

शरद_काका
कुरियरचं काय ठरलं मग?