जायफळाचे दूध आणि लहान मुले

सी-४०२ : नमस्कार. आमचे बाळ नऊ महिन्यांचे आहे आणि गेले चार दिवस रात्री तासातासाला उठत आहे. सासूबाईंच्या सांगण्यावरून काल रात्री आठ वाजता दुधात जायफळाचा एक वेढा उगाळून दिला होता, पण फारसा फरक पडला नाही. आज दोन-तीन वेढे दिले तर चालतील का?

ए-१०१, आजी : आमच्या तिन्ही मुलांच्या गुटीत जायफळ असायचेच, आणि कोणालाही त्रास झाला नाही. सहाणेवर दोन वेढे फिरवून द्यावेत, मूल शांत झोपते.

बी-३०३ : ताई, कृपया आज जायफळ देऊ नका. मी औषधनिर्माण क्षेत्रात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मोठ्या माणसाने कपभर दुधात चिमूटभर जायफळ घालून घेतले, तर सहसा काही बिघडत नाही. श्रीखंडात आणि पुरणात आपण तेवढे खातोच. त्याने झोप नक्की लागते असा भक्कम पुरावा मात्र माणसांवरच्या अभ्यासातून मिळालेला नाही. जायफळात मिरिस्टिसिन हे द्रव्य असते, आणि साधारण पाच ग्रॅम पूड पोटात गेली की प्रौढांमध्येही विषबाधेची लक्षणे दिसल्याच्या नोंदी आहेत. पाच ग्रॅम म्हणजे सपाट चहाचे दोन ते अडीच चमचे, किंवा जवळजवळ एक अख्खे जायफळ.

खरा घोटाळा होतो तो वेळेचा. माझ्या एका नातेवाइकांनी रात्री दहाला एक चमचा पूड दुधातून घेतली, अर्ध्या तासात झोप आली नाही म्हणून आणखी दोन चमचे घेतले, आणि पहाटे दोनच्या सुमारास छातीत धडधड, तोंडाला कोरड, चेहरा लाल आणि मनात विलक्षण भीती अशा अवस्थेत ते उठून बसले. जायफळाचा परिणाम तीन ते सहा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसू लागतो, त्यामुळे ‘काही झाले नाही’ असे समजून माणूस पुन्हा घेतो. त्यावर उतारा असे औषध नाही. रुग्णालयात त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून शिरेतून सलाइन दिले गेले, आणि पुरते सावरायला त्यांना दीड दिवस लागला.

आता हाच हिशेब बाळाला लावून पाहा. साठ किलोच्या माणसाला पाच ग्रॅमने त्रास होत असेल, तर वजनाच्या प्रमाणात आठ किलोच्या बाळासाठी ती मात्रा पाऊण ग्रॅमही भरत नाही, म्हणजे चमच्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. हा केवळ वजनाचा हिशेब आहे, त्याखालचे प्रमाण सुरक्षित आहे असा अर्थ कृपया काढू नये, कारण तान्ह्या बाळाचे यकृत अशी द्रव्ये मोठ्या माणसाइतक्या वेगाने निकामी करू शकत नाही. आठ वर्षांच्या एका मुलाने दोन जायफळे खाल्ल्यावर तो बेशुद्ध होऊन दगावल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे.

आजी, आपला अनुभव खोटा नाही. आपला हात हलका होता आणि वेढा अगदी पुसट होता, म्हणून मुलांच्या पोटात फार थोडे गेले. पण वेढा हे माप नव्हे. सहाण खरखरीत असली, जायफळ ताजे आणि तेलकट असले, किंवा घाईत कोणी तयार पूडच चमच्याने घातली, तर तेवढ्याच ‘दोन वेढ्यां’त कितीतरी पट जास्त जाते. शिवाय मोठा माणूस धडधडते आहे असे सांगू शकतो; बाळ मात्र गुंगीत पडले तरी घरच्यांना ते गाढ झोपल्यासारखेच वाटते.

सी-४०२ : वाचून हातपाय गळाले. आता सकाळचे अकरा वाजले आहेत, बाळ नेहमीसारखे खेळते आहे आणि दूधही प्यायले. दवाखान्यात न्यायला हवे का?

बी-३०३ : पंधरा तास झाले आहेत आणि बाळ टवटवीत आहे, त्यामुळे घाबरू नका, तरी बालरोगतज्ज्ञांना आजच फोन करून कालची गोष्ट सांगा. रात्री वारंवार उठण्यामागे दात, कानदुखी किंवा चोंदलेले नाक असू शकते, तेही त्यांना तपासू द्या. बाळ हाक मारूनही नीट जागे होत नसेल, विलक्षण चिडचिडे झाले असेल, त्वचा लाल व कोरडी पडली असेल, बराच वेळ लघवी झाली नसेल किंवा झटका आला, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णालय गाठावे. घरी उलटी काढू नये, आणि पुडीची बाटली सोबत न्यावी.

ए-१०१, आजी : मग सर्दीत कपाळावर लेप तरी लावावा का?

बी-३०३ : मोठ्यांना लावा, आजी. बाळाला नको, ते कपाळ चोळते, आणि तोच हात डोळ्यांत आणि तोंडात जातो.